टपरीचा गल्ला आणि घरचा खर्च

एसटी स्टँडबाहेरच्या एका टपरीवर रोज दोनशे कप चहा खपे. दहा रुपयांप्रमाणे गल्ल्यात २,००० रुपये जमत, तरी महिनाअखेरीस दूधवाल्याची उधारी थकलेलीच असे. कारण भाजी, मुलीची फी, मोबाइलचा रिचार्ज, सगळे त्याच गल्ल्यातून जाई. क्यूआर कोडवर आलेले पैसेही घरच्याच खात्यात पडत. त्यामुळे धंदा तोट्यात आहे की घरखर्च जास्त आहे, हेच मालकाला कळत नव्हते.

मग त्याने आठवडाभर वहीत सगळे लिहिले. दूध ६००, साखर-चहापूड २५०, गॅस २००, भाडे १५०. म्हणजे रोजचा खर्च १,२०० आणि शिल्लक ८००. धंदा चांगला चालला होता! त्याने क्यूआर कोड नव्या खात्याला जोडला आणि रोज ५०० रुपये स्वतःची मजुरी म्हणून घरी न्यायचे ठरवले. उरलेले ३०० टपरीचे. त्यातून आधी उधारी फिटली, मग शेगडीची दुरुस्ती झाली. खरी अडचण घरी नेलेल्या दुधाची होती. ते खर्चात दिसेना, म्हणून तो अर्धा लिटरही मजुरीतून वळता करू लागला. आजारपणात गल्ल्यातून काढलेले २,००० त्याने उसने म्हणून मांडले आणि रोज शंभर करून परत भरले.