सहलीचा हिशेब: कोणी दिले आणि कोणासाठी दिले

चारचौघांच्या सहलीत प्रत्येक ठिकाणी टीटीएमएम, म्हणजे ‘तुझं तू, माझं मी’, जमत नाही. गाडीचे भाडे एकजण भरतो, खोलीचे दुसरा, जेवणाचे बिल तिसऱ्याच्या फोनवरून जाते. परतल्यावर मग जो हिशेब होतो, त्यात सहसा एकच गोष्ट टिपलेली असते: पैसे कोणी दिले. ते कोणासाठी दिले, ही निम्मी माहिती राहून जाते आणि कुरबुर नेमकी तिथे सुरू होते.

अ, ब, क आणि ड हे चार मित्र पुण्याहून तारकर्लीला गेले असे समजू. गाडी, जेवण आणि खोली चौघांची होती. स्कुबा डायव्हिंग मात्र तिघांनीच केले. ड किनाऱ्यावर थांबला. नोंदींचा तक्ता असा होतो:

| तपशील | कोणी दिले | रक्कम (₹) | अ | ब | क | ड |
|---|---|---|---|---|---|---|
| गाडी व डिझेल | अ | ६,००० | १ | १ | १ | १ |
| खोल्या | ब | ४,००० | १ | १ | १ | १ |
| जेवण | क | ३,२०० | १ | १ | १ | १ |
| स्कुबा | ब | ३,६०० | १ | १ | १ | ० |

एकूण खर्च १६,८०० रुपये. त्याला सरळ चाराने भागले तर प्रत्येकी ४,२०० येतात आणि पाण्यात पाय न घातलेल्या डच्या माथी स्कुबाचे ९०० रुपये बसतात. म्हणून भागाकार बेरजेचा नव्हे, एकेका ओळीचा करायचा. सामाईक १३,२०० रुपयांचे प्रत्येकी ३,३०० आणि स्कुबाचे तिघांना १,२००. अ, ब आणि क यांचा वाटा ४,५०० ठरतो, डचा ३,३००. १ आणि ० ऐवजी दुसरे आकडेही चालतात. लहान मुलाच्या जेवणाला ०.५ लिहिले की त्याचा अर्धाच वाटा धरला जातो.

एक्सेल किंवा तत्सम तक्त्यात रक्कम C स्तंभात, चौघांचे वाटे D ते G मध्ये आणि H मध्ये एका वाट्याची किंमत ठेवली, तर सूत्रे तीनच लागतात: एका वाट्याची किंमत, अने दिलेली रक्कम आणि अचा एकूण वाटा.

```
=C2/SUM(D2:G2)
=SUMIF(B2:B5,"अ",C2:C5)
=SUMPRODUCT(D2:D5,H2:H5)
```

दिलेल्या रकमेतून वाटा वजा केला की शिल्लक निघते. अला १,५०० आणि बला ३,१०० येणे आहे. कला १,३०० आणि डला ३,३०० देणे आहे. येणे आणि देणे दोन्ही ४,६००, म्हणजे शिलकांची बेरीज शून्य. ती शून्य आली नाही तर गणित चुकले. पण शून्य आली म्हणून हिशेब बरोबर, असेही नाही. एखादा खर्च लिहायचाच राहिला किंवा बने दिलेले पैसे अच्या नावावर पडले, तरी बेरीज शून्यच येते. असली चूक सूत्राला दिसत नाही. ज्याने त्याने फोनमधल्या व्यवहारांशी आपल्या नोंदी ताडून पाहिल्या, तरच ती सापडते.

आता देवाणघेवाण. प्रत्येक बिल वेगळे फेडायचे तर अकरा व्यवहार होतील. शिलकांवरून तीनच पुरतात. सर्वांत मोठ्या देणेकऱ्याने सर्वांत मोठ्या येणेकऱ्याला आधी द्यायचे: ड बला ३,१०० देतो, उरलेले २०० अला देतो, आणि क अला १,३०० देतो. या रीतीने माणसे कितीही असोत, व्यवहार त्यांच्या संख्येपेक्षा किमान एकाने कमीच राहतात.

मात्र दर वेळी ही रीत सर्वांत कमी व्यवहार देईलच असे नाही. दोघांना ५०० आणि ४०० येणे, तिघांना ४००, ३०० आणि २०० देणे असेल, तर मोठ्याला मोठा जोडत गेल्यावर चार व्यवहार होतात. ४०० ला ४०० आधी जुळवले, की उरलेले दोघे मिळून ५०० फेडतात आणि तिनांत काम होते. म्हणून तंतोतंत जुळणाऱ्या रकमा अगोदर नजरेने शोधाव्यात. माणसे वाढली की असे सगळे मेळ शोधणे संगणकालाही जड जाते. मित्रमंडळींच्या हिशेबात एखाद्या जास्तीच्या व्यवहाराने फारसे बिघडत नाही.

हिशेब खरा फिसकटतो तो प्रवासातच केलेल्या परतफेडीने. डने वाटेत बला १,००० रुपये पाठवले आणि ते चौघांच्या खर्चात मांडले गेले, तर सहलीचा खर्च फुकट हजाराने फुगतो. ही नोंद ‘दिले ड, वाटा फक्त ब’ अशी करायची: डच्या खाली ०, बच्या खाली १. मग डचे देणे २,३०० आणि बचे येणे २,१०० इतके उरते. खोलीची अनामत परत मिळाली, तर मूळ रकमेइतकीच उणे ओळ ज्याच्या हातात पैसे आले त्याच्या नावावर घालावी.

सुरुवातीलाच कॉन्ट्री काढून एकाकडे ठेवली असेल, तर त्या पाकिटाला पाचवा सभासद मानावे. प्रत्येकाची भर ही ‘दिले अ, वाटा फक्त पाकीट’ अशा ओळीत येते आणि पाकिटातून केलेला खर्च ‘दिले पाकीट’ या नावाने. शेवटी पाकिटाच्या नावावर जेवढे देणे दिसेल, तेवढी रोकड त्यात असायला हवी. कमी भरली, तर चहापाण्याची एखादी नोंद राहिली आहे.