फोन सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं

सकाळचे नऊ पन्नास. पुण्यातल्या एखाद्या आयटी पार्कमधला ग्राहक सेवेचा मजला. मोबाइल रिचार्जच्या तक्रारी घेणारा मराठी-हिंदी डेस्क धरू. चौदा मुलंमुली हेडसेट गळ्यात अडकवून व्हाइटबोर्डभोवती उभी आहेत, कुणाच्या हातात अजून चहाचा कप आहे. दहाला लॉगिन. त्याआधी टीम लीड जे बोलते त्याला या धंद्यात ‘हडल’ म्हणतात. ती साधारण असं बोलते:

“सगळे आलात ना? पहिली गोष्ट. यूपीआयने रिचार्ज केला की पैसे कटतायत, पण रिचार्ज पडत नाहीये. रात्री अडीचपासून चालू आहे. सगळ्यांना होत नाहीये, काहींनाच. टेक टीम बघतेय, पुढचा अपडेट साडेदहाला. मास्टर तिकीट उघडलंय, नंबर बोर्डवर आहे. तक्रार त्यालाच जोडा, नवीन तिकीट टाकू नका. ग्राहकाला सांगा, परत रिचार्ज करू नका. रिचार्ज पडला नाही, तर पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप खात्यात परत येतील. ‘आत्ता होऊन जाईल’ असं कुणीही म्हणायचं नाही.

“दुसरी गोष्ट. अठ्ठेचाळीस तासांवर गेलेली एकतीस तिकिटं पडून आहेत. दुपारी कॉल कमी झाले की तीच आधी, सगळ्यात जुन्यापासून. सोपी आधी उचलायची नाहीत. तिसरी. दहा ते साडेदहा शंभर कॉलचा अंदाज आहे आणि आपण चौदा आहोत. साडेअकरापर्यंत ब्रेकला एका वेळी एकच जण. काही शंका?”

एवढंच. बोलायला दोन मिनिटं, शंकांना पाच. ऐकताना या साध्या सूचना वाटतात, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे हिशेब आहे.

त्याची सुरुवात कोपनहेगनमध्ये झाली. तिथल्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी 1917 मध्ये एक सूत्र मांडलं. फोन किती येतात, एकेक किती वेळ चालतो आणि उचलायला माणसं किती, एवढं कळलं की रांगेत किती जणांना थांबावं लागेल हे त्यावरून काढता येतं. आजही कॉल सेंटरचं रोस्टर बहुतेक याच सूत्राच्या आधारे बनतं.

या डेस्कवर अर्ध्या तासात शंभर कॉल येतात आणि सरासरी कॉल तीन मिनिटांचा आहे. म्हणजे तीनशे मिनिटांचं काम तीस मिनिटांत उरकायचं. सरळ भागाकार केला तर दहा माणसं पुरतात. पण फोन रांगेने, ठरवून येत नाहीत. एका मिनिटात सात येतात, पुढच्यात एकही नाही. मोकळं गेलेलं मिनिट साठवून ठेवता येत नाही, म्हणून वरती माणसं लागतात. या क्षेत्रातलं रूढ उद्दिष्ट आहे 80/20, म्हणजे शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांच्या आत उचलायचे.

एर्लांगच्या सूत्राने चौदा जण असताना 89 टक्के कॉल वेळेत उचलले जातात आणि सरासरी आठ सेकंद थांबावं लागतं. एक जण ब्रेकला गेला की आकडा येतो जेमतेम 80 वर. दुसराही उठला की 64. तिसरा उठला की 39, आणि सरासरी थांबणं दोन मिनिटांवर जातं. चौदातले तीन उठले, थांबणं पंधरापट झालं. ‘एका वेळी एकच’ या सूचनेचं कारण हे आहे. चहाला जाण्यावर कुणाचा राग नसतो. उद्दिष्ट गाठूनही नेमक्या एकाच माणसाला उठण्याची मुभा त्या अर्ध्या तासात असते. चांगली लीड हे कारण सांगते, आणि कारण कळलं की मुलं आपापसातच ब्रेक जुळवून घेतात.

या सूत्रालाही मर्यादा आहे. फोन करणारा कितीही वेळ थांबेल असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात माणसं कंटाळून फोन ठेवतात आणि थोड्या वेळाने पुन्हा लावतात. त्यामुळे रांग बिघडली की नेमका आकडा सूत्रापेक्षा वेगळा निघतो. पण बिघाड कुठून सुरू होतो, ते सूत्र बरोबर दाखवतं.

आता पहिल्या सूचनेकडे येऊ. माहीत असलेला बिघाड सगळ्यात आधी का सांगायचा? कारण दहा वाजून एक मिनिटाला येणारा पहिलाच फोन त्याचा असू शकतो. बिघाड माहीत नसलेला एजंट ग्राहकाला ॲप बंद करून उघडायला सांगतो, होल्डवर ठेवतो, शेजारच्याला विचारतो, शेवटी नवीन तिकीट टाकतो. यात सरासरी कॉल फक्त अर्ध्या मिनिटाने वाढला, तीनचा साडेतीन झाला, तरी चौदाच्या चौदा जण जागेवर असूनही 89 टक्क्यांचे 67 होतात. दोन माणसं गैरहजर असल्यासारखीच ही अवस्था आहे. शिवाय एकाच बिघाडाची साठ तिकिटं तयार होतात आणि टेक टीम ती एकेक उघडून बंद करत बसते.

‘पाच दिवस’ हा शब्दही अंदाजाने आलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. एका एजंटने ‘तासाभरात’ आणि दुसऱ्याने ‘पाच दिवस’ सांगितलं, तर पहिल्याचा ग्राहक तासाभराने पुन्हा फोन करतो. म्हणून लीड हडल संपवताना एखाद्याला विचारते, “ग्राहकाला काय सांगशील, म्हणून दाखव.” तो अडखळला तर वाक्य तिथेच दुरुस्त होतं.

हडल फसते तीही ओळखता येते. दहातली आठ मिनिटं कालचे आकडे वाचण्यात गेली, कुणाचं तरी नाव घेऊन सगळ्यांसमोर झाडलं, आणि बिघाडाची गोष्ट घाईघाईत शेवटी आली, तर दहा वाजून पाच मिनिटांनी मुलं एकमेकांना तेच प्रश्न विचारू लागतात. ‘आज कॉल अडीच मिनिटांत संपवा’ एवढंच बजावलं, तर कॉल छोटे होतात, पण प्रश्न न सुटलेली माणसं दुपारी पुन्हा रांगेत येतात. सरासरी वेळ खाली आणि कॉलची संख्या वर, असं दोन्ही एकाच दिवशी दिसलं की सूचना चुकली असं समजावं.

एक गोष्ट मात्र लीडच्या हातात नसते. अनेक ठिकाणी हडल लॉगिनच्या आधी होते, म्हणून ती कामाच्या वेळेत मोजलीच जात नाही. नऊ तासांच्या शिफ्टमधली दहा मिनिटं म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. प्रशिक्षण, ब्रेक, बैठका यांचा वेळ रोस्टर बनवताना ‘श्रिंकेज’ म्हणून धरतातच, तशी हडलही त्यात सहज मावते. ज्या दहा मिनिटांवर पुढच्या नऊ तासांची रांग अवलंबून आहे, ती शिफ्टमध्ये आणि पगारात धरली गेलीच पाहिजेत.