आजीच्या सत्तरीला नातीचे दोन शब्द

सत्तर दिव्यांनी ओवाळून झालेलं असतं, पानं मांडायला अजून थोडा अवकाश असतो आणि कुणीतरी नातीला म्हणतं, "बोल गं दोन शब्द." तिच्या हाताशी दोनच मिनिटं असतात, म्हणजे जेमतेम दोनशे शब्द. त्यात सत्तर वर्षं बसवायला गेलं की 'प्रेमळ', 'कष्टाळू' अशी विशेषणं येतात आणि ती कुठल्याही आजीला लागू पडतात. म्हणून तिनं शिकवलेला एकच पदार्थ घ्यावा आणि तिनं सांगितलेली एकच कहाणी.

समजा, पदार्थ पुरणाचा आहे. 'आजीनं मला पुरणपोळी शिकवली' एवढ्यावर कुणी मान वर करणार नाही. शिकवणं कसं झालं ते सांगितलं, की आजी दिसू लागते:

"आजी, पहिल्या होळीला तू मला पोळीला हात लावू दिला नाहीस, पुरणाशीच उभं केलंस. डाळ बोटांत चुरडली की उपसायची, खालचा कट आमटीला ठेवायचा, गूळ डाळीइतकाच. मी सारखी विचारायचे, 'झालं का?' तू म्हणायचीस, 'मला नको, उलथन्याला विचार.' ते पुरणात सरळ उभं राहिलं की गॅस बंद. सैल राहिलं तर पोळी तव्यावर फुटते, फार आटलं तर पुरण कडेपर्यंत जात नाही. आजही मी उलथन्यालाच विचारते."

आता कहाणी. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी बहुतेकांना ठाऊक असते. गावातलं सगळं दूध ओतूनही महादेवाचा गाभारा भरत नाही आणि मुलाबाळांना, वासरांना आधी देऊन उरलेलं दूध आणणाऱ्या म्हातारीच्या खुलभर दुधानं तो भरतो. ती पूर्ण सांगत बसू नये, वेळ तिथेच संपतो. आजीच्या वागण्यात ती कुठे दिसली, तेवढंच सांगावं:

"सणाच्या दिवशी नैवेद्याला उशीर व्हायचा. आम्ही भुकेनं रडकुंडीला आलो की तू हळूच वरणभात कालवून द्यायचीस. कुणी टोकलं तर म्हणायचीस, 'कहाणीतल्या म्हातारीनं काय केलं होतं?' आजी, घरातल्या प्रत्येक सणाला तू शेवटच्या पंगतीला बसलीस. आज पहिल्या पंगतीत बस. पोळ्या मी केल्यात, वाढणारही मीच."

हे भाषण पाहुण्यांकडे तोंड करून, 'आमच्या आजी' असं म्हणत करू नये. घरात 'तू' म्हणतो, तसंच इथेही म्हणावं. सत्तरीत कान थोडे मंदावलेले असू शकतात, तेव्हा तिच्या खुर्चीजवळ, तिला ओठ दिसतील असं उभं राहावं आणि सावकाश बोलावं. मध्येच ती म्हणाली, "अगं, जायफळ राहिलं सांगायचं," तर थांबावं आणि तिला बोलू द्यावं.