तिघांचे पाच स्टार

एका खाणावळीला तीन ग्राहकांनी प्रत्येकी ५ स्टार दिले, तर तिची सरासरी ५ येते. शेजारच्या खाणावळीला २०० जणांनी गुण दिले आणि त्यांची सरासरी ४.६ आली. नुसत्या सरासरीनुसार यादी लावली की तीनच अभिप्रायांची खाणावळ वर बसते.

यात लबाडी असतेच असे नाही. समजा, एखाद्या साधारण खाणावळीत दर दहा ग्राहकांपैकी सात जण ५ स्टार देतात. तिथे पहिल्या तिघांनीही ५ स्टार देण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. अशा शंभर नव्या खाणावळी उघडल्या, तर तीन अभिप्रायांनंतर त्यांतल्या चौतीसेक निर्दोष दिसतील. दोनशे अभिप्रायांनंतर मात्र असा योगायोग टिकणे जवळजवळ अशक्य. म्हणून यादीच्या माथ्यावर, आणि तळाशीही, कमी अभिप्रायांचीच गर्दी होते. त्यात पहिले अभिप्राय बरेचदा मालकाच्या मित्रमंडळींचे असतात, ते वेगळेच.

यावर उपाय असा: प्रत्येक खाणावळीच्या खात्यात आधीच काही काल्पनिक अभिप्राय टाकायचे, आणि त्यांचे गुण सगळ्या खाणावळींच्या सरासरीइतके धरायचे. ही सर्वसाधारण सरासरी ४ आणि काल्पनिक अभिप्राय १६ मानू. पहिल्या खाणावळीचे खरे गुण १५, काल्पनिक ६४, एकूण ७९. भागिले १९, म्हणजे ४.१६. दुसरीचे ९२० अधिक ६४, भागिले २१६, म्हणजे ४.५६. क्रम उलटला. पहिलीला ५ स्टारच मिळत राहिले, तर विसाव्या अभिप्रायाला ती बरोबरी गाठेल आणि एकविसाव्याला पुढे जाईल.

हे १६ आले कुठून? एकाच खाणावळीबद्दल ग्राहकांची मते साधारण १ स्टारने इकडेतिकडे होतात आणि खाणावळींच्या खऱ्या दर्जात पाव स्टारचा फरक असतो, असे धरले आहे. एक भागिले पाव म्हणजे ४, त्याचा वर्ग १६. ग्राहकांत मतभेद जास्त असतील तर हा आकडा वाढवावा लागतो. खाणावळींच्या दर्जातच मोठी तफावत असेल तर कमी पुरतो. तो अंदाजाने फार मोठा धरला, तर नवी चांगली खाणावळ कित्येक महिने खालीच अडकते. सर्वसाधारण सरासरीही त्याच प्रकारच्या व्यवसायांची हवी; पंचतारांकित हॉटेलांची सरासरी वडापावच्या गाडीला लावून चालत नाही.

चित्रपटांना गुण देणाऱ्या आयएमडीबीने आपल्या सर्वोत्तम २५० चित्रपटांच्या यादीसाठी याच घडणीचे सूत्र जाहीर केले होते. त्यात काल्पनिक मतांच्या जागी २५,००० हा आकडा होता आणि यादीत येण्यासाठी किमान तेवढीच खरी मते लागत.

विकत घेतलेल्या खोट्या अभिप्रायांपुढे मात्र हे गणित लंगडे पडते. वरच्या उदाहरणात एकवीस खोटे अभिप्राय मिळवले की काम झाले.