वयाआधी आलेले मोठेपण

मुलगी वयात येण्याविषयी आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. ती बारा-तेरा वर्षांची असेल तर हे मौन कसेबसे निभावते. परंतु तीच गोष्ट सातव्या-आठव्या वर्षी घडू लागली, तर मौनाने भागत नाही. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील बालसंप्रेरकतज्ज्ञांनी टाळेबंदीपूर्वीच्या आणि टाळेबंदीच्या काळातील नोंदींची तुलना केली, तेव्हा अकाली वयात येण्याच्या तक्रारीसाठी आणलेल्या मुलांचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. तेव्हा हा विषय केवळ मोठ्या शहरांचा किंवा परदेशांचा राहिलेला नाही.

विषय नीट उलगडावा म्हणून एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. ढोकीच्या बाजारपेठेत दुकान असलेले एक कुटुंब आहे, असे समजा. मुलगी तिसरीत, वय सात वर्षे आठ महिने. अंघोळ घालताना आईच्या हाताला एका बाजूच्या स्तनाग्राखाली बोराएवढी कडक गाठ लागते. दाबले की मुलगी कळवळते. दुसरी बाजू सपाटच असते. घरात प्रथम भीती शिरते ती कर्करोगाची. वास्तविक स्तनांची वाढ पुष्कळदा एकाच बाजूने सुरू होते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी तिला गाठते. ही गाठ दाबून, चोळून किंवा लेप लावून जिरविण्याचा प्रयत्न करू नये, आणि घाईने कापून तर मुळीच काढू नये. कारण तोच पुढील स्तनाचा अंकुर असतो.

मुलींमध्ये ही वाढ सामान्यतः आठ ते तेरा या वर्षांच्या दरम्यान सुरू होते. आठच्या आत सुरू झाली, तर तिला अकाली म्हणतात. पहिली पाळी स्तनवाढ सुरू झाल्यापासून साधारणतः दोन ते अडीच वर्षांनी येते. म्हणजे आपल्या उदाहरणातील मुलीला ती चौथी-पाचवीतच येऊ शकेल. घराला सावध होण्यासाठी निसर्गाने दिलेली मुदत ती एवढीच. काही मुलींत ती याहूनही कमी असते.

दुकानाच्या चौकटीवर वाढदिवसाला उंचीची रेघ ओढण्याची पद्धत काही घरांत असते. ती येथे उपयोगी पडते. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते; या मुलीची रेघ मात्र नऊ सेंटिमीटरने वर गेलेली आहे. आजीला कौतुक वाटते, “आमची पोर कशी झरझर वाढतेय!” व्यापारी घराला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर ही वाढ म्हणजे उचल आहे. वयात आणणारे संप्रेरक उंची वेगाने वाढविते, पण हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्याही लवकर बुजविते. आज वर्गात सर्वांत उंच दिसणारी मुलगी पुढे सर्वांत ठेंगणी राहू शकते, ती यामुळेच.

म्हणून डॉक्टर प्रथम डाव्या पंजाचा व मनगटाचा एक्स-रे काढावयास सांगतात. त्यावरून हाडांचे वय कळते. जन्मतारखेने पावणेआठ वर्षांच्या मुलीची हाडे दहा वर्षांची दिसली, तर प्रकरण पुढे तपासावे लागते. मग रक्तातील संप्रेरके, विशेषतः मेंदूतळीच्या ग्रंथीतून येणारे एलएच, तसेच थायरॉइड पाहतात. सोनोग्राफीत गर्भाशय वाढू लागले आहे काय, हेही दिसते. बहुतेक मुलींमध्ये मेंदूतील घड्याळ लवकर सुरू होण्याचे निश्चित कारण सापडत नाही. मात्र मूल सहा वर्षांहून लहान असेल, डोके दुखत असेल, दृष्टी मंदावत असेल, तर मेंदूचा एमआरआय टाळू नये. स्तनवाढ नसतानाच रक्तस्राव झाला, तर तोही त्वरित दाखवावा.

कारणांचा शोध घरात बहुधा दुधापाशी येऊन थांबतो. गाई-म्हशींना पान्हा सुटावा म्हणून टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनावर ठपका ठेवला जातो. ती प्रथा निषेधार्हच आहे. परंतु ते ऑक्सिटोसिन स्त्रीसंप्रेरक नव्हे, आणि पोटात गेल्यावर ते पचूनही जाते. अंगावर वाढलेली चरबी आणि लवकर वयात येणे यांचा संबंध मात्र पक्का दिसून आला आहे. तरीही सडपातळ मुलींतही हे घडते, म्हणून “हिला काय खाऊ घातलेस?” हा सुनेला विचारला जाणारा प्रश्न अन्यायाचा ठरतो.

प्रत्येक मुलीला उपचार लागत नाहीत. केवळ स्तन किंचित वाढून तेथेच थांबले, हाडांचे वय पुढे गेले नाही, तर दर तीन-चार महिन्यांनी पाहत राहणे पुरते. वाढ झपाट्याची असेल, तर दर अठ्ठावीस दिवसांनी किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन देतात. ते मेंदूकडून निघणारी आज्ञा तात्पुरती थोपविते. पहिल्या इंजेक्शनानंतर क्वचित थोडासा रक्तस्राव होतो. त्याने घाबरू नये. उपचार साधारणतः अकराव्या वर्षाच्या सुमारास थांबवितात आणि पुढे वर्ष-दीड वर्षात पाळी सुरू होते. याने पुढे मूल होणार नाही, ही भीती निराधार आहे. तज्ज्ञांसाठी लातूर, सोलापूर किंवा पुणे गाठावे लागले, तरी पुढची इंजेक्शने त्यांच्या चिठ्ठीवरून गावच्या डॉक्टरांकडे घेता येतात; तारीख मात्र चुकवू नये. सहा वर्षांच्या आत उपचार सुरू झाले, तर उंचीचा लाभ सर्वाधिक होतो. आठव्या वर्षानंतर तो फारसा राहत नाही.

हे सारे शरीराचे झाले. मन मात्र अजून सातच वर्षांचे असते, आणि खरी ओढाताण तेथे होते. वर्गातली मुले तिला “मोठी बाई” म्हणून चिडवितात. ती पाठीला बाक काढून चालू लागते, उन्हाळ्यातही स्वेटर उतरवीत नाही, खेळाच्या तासाला पोट दुखल्याचे सांगते. लग्नकार्यात एखादी काकू हसत म्हणते, “अगबाई, हिच्यासाठी आता स्थळच बघायला हवे!” ही थट्टा मुलीच्या कानात दीर्घकाळ राहते. तेथल्या तेथे आईने “ती तिसरीत आहे, काकू” एवढे शांतपणे म्हटले, तरी मुलीला कोणीतरी आपल्या बाजूचे आहे हे कळते.

आणि ती विचारते, “आई, मला काय झालंय?” पूर्वी घराघरांतून “कावळा शिवला” असे सांगून वेळ मारून नेली जाई. आजची मुलगी कावळा कुठे शिवला ते शोधते, आणि न सापडल्यावर आपलीच काही चूक झाली असे समजते. तिला एवढेच सांगावे, “सगळ्या मुलींचं शरीर बाईसारखं होतं. तुझ्या शरीरानं थोडी घाई केली आहे. त्यात तुझा दोष नाही, आणि तू अजून माझी लहानच आहेस.” पाळीविषयी सांगताना रक्त येणार, ते जखमेचे नसणार, हे दोन शब्द आधी यावेत, कारण नऊ वर्षांचे मूल रक्त पाहून प्रथम मरणाचाच विचार करते. पॅड कसे लावायचे हे तिच्याच चड्डीवर एकदा दाखवावे. दप्तरात एक पॅड आणि एक जादा चड्डी ठेवावी, आणि वर्गशिक्षिकेला एकटीने भेटून कल्पना द्यावी.

मंदिर, स्वयंपाकघर किंवा वेगळे बसणे यांविषयी प्रत्येक घराची रीत निराळी आहे. घरात जी रीत असेल ती मुलीला पाळीच्या दिवशी अचानक कळू नये. आधी समजावलेली असावी. सकाळपर्यंत आजीच्या मांडीवर बसणाऱ्या मुलीला दुपारी “शिवू नकोस” असे ऐकावे लागले, तर नऊ वर्षांच्या बुद्धीला तो नियम वाटत नाही, शिक्षा वाटते.

वडिलांचा वाटा बहुतेकदा मौनाचाच असतो. संकोचामुळे ते मुलीला जवळ घेणे एकाएकी सोडतात, आणि ती तेही आपल्या शरीराच्या खात्यावर मांडते. दुकान वाढवून घरी आल्यावर कालपर्यंत जसे तिच्याशी पत्ते खेळत होते, तसेच आजही खेळावे. शरीर पुढे गेले तरी तिची बाहुली अजून उशाशीच असते.