म्हातारपणी सुखद गोष्टीच जास्त का आठवतात?

वय झालं की मेंदू थकतो, म्हणून वाईट गोष्टी आपोआप पुसल्या जातात, असं मलाही वाटायचं. पण मारा मॅथर आणि मारिसा नाइट यांचा 2005 चा प्रयोग बघा. नुसती चित्रं पाहिलेल्या ज्येष्ठांना नंतर सुखद चित्रं जास्त आठवली. काहींना मात्र चित्रं बघताना आवाजांकडेही लक्ष ठेवायला लावलं होतं; त्यांना उलट दुःखद चित्रंच जास्त आठवली. म्हणजे सुखद तेवढं निवडायला मेंदूला कष्ट पडतात! लॉरा कार्स्टेनसन यांच्या मते, उरलेला वेळ कमी वाटू लागला की माणूस मन शांत ठेवण्याला प्राधान्य देतो.

आकडे वाचताना एक काळजी घ्या. ज्येष्ठांना एकूण चित्रं तरुणांपेक्षा सहसा कमीच आठवतात. बघायचं ते सुखद-दुःखद यांचं प्रमाण.