पावती आणि पोच: दुकानदाराने कोणती स्क्रीन खरी मानायची?

शनिवारची संध्याकाळ. समजा, तुम्ही हर्नडनमधल्या एका छोट्या भारतीय किराणा दुकानात उभे आहात. पोहे, भाजणी, गूळ, दिवाळीच्या फराळाचं सामान, एकूण बिल 86 डॉलर 40 सेंट. कार्ड दिलंत तर गल्ल्यावरचा माणूस तुमच्या फोनकडे बघतही नाही. त्याच्या मशीनवर ‘APPROVED’ आलं की पिशवी तुमच्या हातात. पण तुम्ही म्हणालात, “झेल करतो, चालेल ना?” की चित्र बदलतं. तुम्ही पैसे पाठवता, फोन फिरवून त्याला हिरवी खूण दाखवता आणि तो मान डोलावतो. एकाच दुकानात, एकाच बिलासाठी, पुरावा म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालल्या. एक त्याच्या मशीनवर होती, दुसरी तुमच्या फोनवर. हा फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे.

मनीऑर्डर आठवते? पोस्टाच्या खिडकीवर पैसे भरले की लगेच एक पावती मिळायची. काही दिवसांनी गावाहून दुसरा कागद यायचा, ज्यावर आजीची सही किंवा अंगठा असायचा. ती पोच. पावती सांगायची की तुम्ही पैसे भरले. पोच सांगायची की पैसे पोचले. ही दोन वेगळी विधानं आहेत हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं. फोनवरच्या हिरव्या खुणेने ही दोन्ही एकाच रंगात रंगवली आणि आपण तो फरक विसरलो.

पैसे देणाऱ्याच्या फोनवरची स्क्रीन ही पावती आहे. त्याच्या बँकेला जेवढं ठाऊक आहे तेवढंच ती सांगते. दुकानदाराला हवी असते पोच, आणि ती फक्त त्याच्या स्वतःच्या बँकेकडूनच येऊ शकते.

आता झेलचं उदाहरण नीट बघू. 2017 साली सुरू झालेली ही सेवा अमेरिकेतल्या मोठ्या बँकांच्या मालकीची ‘अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस’ ही कंपनी चालवते. फोन नंबर किंवा ईमेल हा तिथे पत्ता असतो. दुकानदाराने तो पत्ता आपल्या खात्याला जोडलेला असेल, तर पैसे सहसा काही मिनिटांत पोचतात. मग अडचण कुठे येते? समजा, तुम्ही अगदी प्रामाणिक आहात आणि तुमची स्क्रीनही अस्सल आहे. तरीही पैसे न पोचण्याच्या तीन सरळ वाटा आहेत.

पहिली, नंबरातला एक आकडा चुकला. पैसे खरोखर गेले, स्क्रीनवर ‘Sent’ खरंच आलं, फक्त ते भलत्याच माणसाला गेले. दुसरी, दुकानदाराने दिलेला नंबर झेलला जोडलेलाच नव्हता. अशा वेळी त्याला निरोप जातो आणि नोंदणीसाठी 14 दिवस मिळतात. तेवढ्यात नोंदणी झाली नाही तर पैसे तुमच्याकडे परत येतात. म्हणजे पिशवी घरी गेली, पैसेही घरी आले आणि तुम्हाला कदाचित दोन आठवडे पत्ताच नाही. तिसरी, घाईत चुकून पुढची तारीख निवडली गेली. बँकेने ‘पैसे पाठवायचं ठरलं’ अशी खूण दाखवली. दुरून तीही तितकीच हिरवी दिसते.

आता अप्रामाणिक माणसाचा विचार करा. त्याला बँकेची कुठलीही यंत्रणा फोडावी लागत नाही. जुन्या स्क्रीनशॉटवरची रक्कम आणि तारीख बदलली की झालं. फोनवरची स्क्रीन हे शेवटी एक चित्र आहे, आणि चित्र काढायला बँक लागत नाही. हीच लबाडी ईमेलनेही होते. “तुम्हाला पैसे आले आहेत, पण ते मिळवण्यासाठी खातं बिझनेसचं करून घ्या” असा मजकूर येतो, वर झेलचं बोधचिन्हही असतं. घरून चकल्या आणि अनारसे विकणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात ठेवावं. एप्रिल 2025 पासून झेलच्या स्वतंत्र ॲपमधून पैसे पाठवता वा घेता येत नाहीत. व्यवहार होतात ते बँकेच्या ॲपमध्येच. त्यामुळे पोच बघण्याची जागाही एकच उरली आहे: स्वतःच्या बँकेचं ॲप स्वतः उघडून पाहिलेली खात्यातली नोंद. ईमेल नाही, मेसेज नाही, समोरच्याचा फोन तर नाहीच.

मग कार्डाच्या मशीनवर दुकानदार इतका निर्धास्त का असतो? कारण तिथे उत्तर त्याच्या दारातून येतं. तुम्ही कार्ड खुपसता किंवा टेकवता तेव्हा त्यातली चिप त्या एका व्यवहारापुरता एक सांकेतिक आकडा तयार करते. दुकानाचं मशीन तो आकडा स्वतःच्या जोडणीतून तुमच्या बँकेपर्यंत पाठवतं. बँक तो तपासते, खात्यात पत आहे का पाहते आणि होकार देते. होकाराबरोबर एक मंजुरी क्रमांक येतो, तोच पावतीवर ‘AUTH’ म्हणून छापला जातो. या सगळ्या प्रवासात तुम्ही चित्र बदलू शकाल अशी जागाच नाही.

तरी लक्षात घ्या, हीसुद्धा पैसे पोचल्याची खूण नाही. ते बँकेचं वचन आहे. दिवसभराचे व्यवहार रात्री एकगठ्ठा पाठवले जातात आणि पैसे साधारण एक-दोन कामाच्या दिवसांनी दुकानदाराच्या खात्यात येतात. ग्राहकाने नंतर तक्रार केली तर ते परतही खेचले जाऊ शकतात. आणि इंटरनेट बंद पडलं असताना काही मशीनं व्यवहार नुसते साठवून ठेवतात व पुढे पाठवतात. तेव्हा पावती छापली जाते, पण होकार कुणीच दिलेला नसतो. नंतर बँक नाही म्हणाली तर तोटा दुकानदाराचा. म्हणून शहाणा दुकानदार पावतीवर मंजुरी क्रमांक आहे का, हे बघतो.

हाच प्रश्न महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. 2016 साली यूपीआय आलं आणि भाजीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या गाड्यावर क्यूआर चिकटला. कार्डाचं मशीन नाही, त्यामुळे सुरुवातीला पुरावा म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन. गर्दीच्या वेळी भाजीवालीने वजन करायचं, की प्रत्येकाच्या फोनवरची बारीक अक्षरं वाचायची? शिवाय हुबेहूब खऱ्यासारखी स्क्रीन दाखवणारी बनावट ॲपं निघाली. यावरचं उत्तर तुम्ही सुट्टीत गेलात की कानावर पडतंच: बोलणारा डबा, म्हणजे साउंडबॉक्स.

त्या डब्याची खुबी त्याच्या आवाजात नाही, निरोपाच्या वाटेत आहे. डब्यात स्वतःचं सिम असतं. पैसे जमा झाल्याचा निरोप दुकानदाराच्या पेमेंट कंपनीच्या सर्व्हरवरून थेट डब्यात येतो. गिऱ्हाइकाचा फोन त्या वाटेवर कुठेच नाही, म्हणून त्यावर काय रंगवलंय याने फरक पडत नाही. कुणी रात्रीतून क्यूआरवर दुसरा क्यूआर चिकटवला, तरी डबा गप्प राहतो आणि ती शांतताच दुकानदाराला सावध करते.

डब्यालाही मर्यादा आहेत. रेंज गेली तर तो उशिरा बोलतो. दोन गिऱ्हाइकांनी एकाच वेळी चाळीस-चाळीस रुपये दिले आणि डबा एकदाच बोलला, तर कोणाचे आले? अशा वेळी 12 आकडी यूपीआय क्रमांक कामी येतो. ॲपमध्ये तो ‘UTR’ किंवा ‘UPI Ref No’ या नावाने दिसतो. ॲप स्वतःचा आणखी एखादा क्रमांक दाखवतं, तो वेगळा. हे 12 आकडे मात्र देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोन्ही नोंदींत सारखेच असतात. शेवटचे चार आकडे जुळवले की वाद मिटतो.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. 2023 पासून अमेरिकेतल्या नंबरावरही, एनआरई किंवा एनआरओ खातं जोडून, यूपीआय वापरायची मुभा मिळाली आहे. त्यामुळे हा प्रसंग तुमच्यावरही येऊ शकतो. समजा, सांगलीत तुम्ही दुकानात 740 रुपये दिले. तुमच्या बँकेचा पैसे वजा झाल्याचा मेसेज आला. ॲप मात्र ‘Processing’ म्हणतंय आणि डबा गप्प. तुम्ही म्हणता पैसे गेले, दुकानदार म्हणतो आले नाहीत. दोघंही खरं बोलताय.

घडलं असं की यूपीआयने आधी तुमच्या बँकेला पैसे वजा करायला सांगितलं आणि ते झाले. मग दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगितलं आणि तिचं उत्तर वेळेत आलं नाही. पैसे मधल्या पायरीवर अडकले. अशा वेळी तुमचा मेसेज ही फक्त पहिल्या पायरीची पावती आहे. तो दाखवून दुकानदाराने माल द्यावा असा आग्रह धरणं म्हणजे मनीऑर्डरची पावती दाखवून आजीकडे पोच मागण्यासारखं आहे.

पैसे बुडत मात्र नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार दुकानाच्या व्यापारी खात्याला दिलेले आणि खात्री न झालेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले असतील तर एका दिवसात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. छोटे दुकानदार पुष्कळदा स्वतःच्या वैयक्तिक खात्याचाच क्यूआर लावतात, तिथे दुसरा नियम लागू होतो. म्हणून तिथल्या तिथे करायचं ते इतकंच: 12 आकडी क्रमांक दुकानदाराला लिहून द्या, पाच मिनिटं थांबा, तरी डबा बोलला नाही तर रोख द्या. अडकलेले पैसे नंतर त्याच्याकडे पोचले, तर तो क्रमांक बघून तो तुम्हाला परत करू शकेल.

आणि हर्नडनला परत आल्यावर? तिथल्या गल्ल्यावर झेलसाठी बोलणारा डबा नाही, तेव्हा डब्याचं काम आपणच करायचं. नंबर टाइप करण्याऐवजी दुकानदाराचा झेल क्यूआर स्कॅन करा आणि पाठवण्याआधी दिसणारं नाव त्याला वाचून दाखवा. मग फोन त्याच्याकडे फिरवू नका. विचारा, “तुमच्या बँकेत दिसले का?” तो मागे लाइन आहे म्हणून संकोचला, तरी त्याला ॲप उघडू द्या. त्याने आपणहून तपासलं तर राग मानू नका. त्याला तुमच्यावर संशय नाही, त्याला फक्त पोच हवी आहे.